मॅडमची तीन ओळींची चिठ्ठी

आज लेकीच्या वहीत शिकवणीच्या मॅडमची फ्रेंच चिठ्ठी आली. तुलूझला येऊन दीड वर्ष झालं, तरी मी ती दोनदा वाचली. सुरुवात रीतसर 'मादाम, मस्य' अशी. मग 'द रेएल प्रोग्रे', खरीखुरी प्रगती!

पुढे नेमकं कारणही लिहिलंय. 'ती गेली' म्हणजे 'एल ए आले'. मुलगी असेल तर लिहिताना 'आले'च्या शेवटी आणखी एक 'ई' अक्षर लागतं, पण उच्चार तोच राहतो. आपल्या गेला-गेलीतला फरक कानाला कळतो, इथे कान काहीच मदत करत नाही. म्हणून ती दर वेळी विसरायची. या आठवड्यात तिनं स्वतःच वाक्य पुन्हा वाचून ते अक्षर घातलं.

रात्री आजीला व्हिडिओ कॉलवर चिठ्ठी वाचून दाखवली, आधी फ्रेंचमध्ये, मग मराठीत.