प्लेट मोकळी, मग ओढ कुठली?

"सर, दोन प्लेटा बट वेल्ड केल्या, थंड झाल्या, टेबलावर नुसत्या पडल्यात. वरून एक किलोचाही लोड नाही. मग आत स्ट्रेस आहे असं तुम्ही कशावरून म्हणता?"

तुम्ही विचारलंत म्हणून आधी त्या स्ट्रेसची दिशा सांगतो, कारण इथेच बहुतेकांच्या डोक्यात चित्र उलटं असतं. वेल्ड थंड होताना दोन प्लेटांना एकमेकींकडे ओढतो, हे खरं आहे. पण प्लेटा मोकळ्या असतील तर त्या सरकतात आणि त्या दिशेची ओढ बरीचशी निघून जाते. मोठी ओढ असते ती वेल्डच्या लांबीच्या दिशेने. ती पाहायची तर प्लेटच्या मधोमध उभं राहायचं आणि एका काठापासून वेल्ड ओलांडून दुसऱ्या काठापर्यंत, प्रत्येक ठिकाणी लांबीच्या दिशेला किती स्ट्रेस आहे ते विचारायचं. वेल्डवर आणि त्याच्या लगत जबरदस्त ताण, थोडं बाहेर गेलं की तो झपाट्याने उतरतो, शून्य ओलांडतो, आणि पुढे काठापर्यंत दाब.

हे का होतं ते साध्या माइल्ड स्टीलवर बघू, ज्याची यील्ड 250 मेगापास्कल आहे. लोखंड तापलं की लांब होऊ पाहतं. वेल्डलगतचा पट्टा तापतो, पण बाजूची गार प्लेट त्याला लांब होऊ देत नाही. पूर्ण अडवलेलं हे स्टील फक्त 100 अंशांच्या आसपास तापलं तरी दाबाखाली यील्ड होतं. वेल्डजवळचं लोखंड तर त्याच्या कितीतरी पुढे जातं. 600 अंशांवर ते इतकं मऊ झालेलं असतं की अडवलेल्या जागेतच दबून आखूड होतं आणि प्रतिकारही फारसा करत नाही. मग थंड होताना ते आक्रसतं. ते आता मुळात आखूड झालेलं असतं, पण शेजारची प्लेट त्याला तितकं आखूड राहू देत नाही, ओढून धरते. हिशेब केला तर जे लोखंड आजूबाजूपेक्षा साधारण 200 अंश जास्त तापलं, ते थंड झाल्यावर पुरतं यील्डपर्यंत ताणलेलं असतं. म्हणून हा ताण "थोडासा उरलेला" नसतो. वेल्डर कितीही चांगला असो, बीड कितीही देखणा असो, साध्या स्टीलच्या लांब बट वेल्डमध्ये तो यील्डच्या घरातच जातो.

आता आकडे टाकू. 12 मिलिमीटर जाडीच्या, प्रत्येकी 200 मिलिमीटर रुंदीच्या दोन प्लेटा. जोडून रुंदी 400. वेल्ड धरून मधला 60 मिलिमीटरचा पट्टा 250 मेगापास्कलला ताणलाय असं समजा. (खरा आलेख असा चौकोनी नसतो, गोलसर उतरतो, पण हिशेबाला हे पुरतं.) त्या पट्ट्यातली ओढ झाली 60 गुणिले 12 गुणिले 250, म्हणजे 1,80,000 न्यूटन, जवळजवळ 18 टन. बाहेरून कुणी धरलेलं नाही, तेव्हा ही ओढ प्लेटमध्येच कुठेतरी फिटली पाहिजे. ती फिटते उरलेल्या 340 मिलिमीटरमध्ये, सुमारे 44 मेगापास्कलच्या दाबाने. बेरीज शून्य, म्हणून प्लेट टेबलावर शांत पडून असते. जाड प्लेटला हा दाब काही करत नाही. पण 3-4 मिलिमीटरचा रुंद पत्रा असला तर काठ लाटा मारतात, आणि लोक वेल्डरला बोल लावतात. तिथे त्या दाबाखाली पत्राच बकल झालेला असतो.

कशावरून, तर कापून बघा. एक मीटर लांबीची प्लेट घ्या, वेल्डिंग झाल्यावर तिच्या मध्यभागी लांबीच्या दिशेने 200 मिलिमीटर अंतरावर पंचाच्या बारीक खुणा करा, एक जोडी वेल्डलगत आणि एक काठाकडे, दोन्ही तोंडांवर. टोकांजवळ खुणा करू नका, कारण मोकळ्या टोकाला हा स्ट्रेस शून्यावर येतो. अंतर नीट मोजून मग बँडसॉवर कूलंट सोडून पट्ट्या वेगळ्या करा. गॅस कटिंग चालणार नाही, ते आपलाच नवा स्ट्रेस घालतं. वेल्डची पट्टी सुटली की तिच्या खुणांमधलं अंतर जवळपास पाव मिलिमीटरने कमी होतं. वर्निअरवर दिसतं हे. काठाची पट्टी उलट वाढते, 0.04 मिलिमीटरच्या आसपास, त्याला चांगलं डायल गेज लागतं. लोखंड आपल्या मूळ लांबीला परत जातं, एवढंच. जॉब कापता येत नसेल तेव्हा छोटं छिद्र पाडून भोवतीच्या स्ट्रेन गेजवर हेच वाचतात.

क्लॅम्प मारून वेल्ड केलेली प्लेट सरळ राहिली की "स्ट्रेस नाही आला" असं म्हणणारे मला वारंवार भेटतात. प्लेट सरळ राहिली याचा अर्थ आक्रसण्याला वाट मिळाली नाही. स्ट्रेस आतच राहिला.

हे कुठे नडतं? मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती फटीगची. डिझाइनर सांगतो, "हा मेंबर कायम दाबात आहे, इथे क्रॅक येणार नाही." समजा त्यावर शून्य ते 80 मेगापास्कल दाब येतो-जातो. वेल्डपाशी मात्र सुरुवातच 250 ताणापासून आहे. तिथला स्ट्रेस 250 आणि 170 मध्ये हलतो, पूर्ण वेळ ताणातच. लांबीच्या दिशेची ओढ असल्यामुळे क्रॅक वेल्डला आडवा जातो. म्हणूनच वेल्ड केलेल्या जॉइंटसाठी फटीगचे कोड स्ट्रेसची रेंज बघतात, तो ताण आहे की दाब हे विचारत नाहीत. असा क्रॅक ताणाच्या पट्ट्याबाहेर पडून दाबात शिरला की पुष्कळदा मंदावतो, थांबतोही. पण ज्या मेंबरवर ताणाचा लोड येतो तिथे त्या भरवशावर राहू नये.

एकदाच येणाऱ्या स्थिर लोडला मात्र, स्टील चिवट असेल तर, याची भीती कमी. आपल्याच प्लेटला लांबीच्या दिशेने सरासरी 100 मेगापास्कल ओढा. वेल्ड आधीच यील्डवर आहे, तो आणखी घेत नाही, थोडा लांबतो. सगळा वाढीव लोड बाजूचं लोखंड घेतं. लोड काढला की वेल्डमध्ये 250 ऐवजी 150 उरतात आणि बाजूचा दाब 44 वरून 26 वर येतो. तुटण्याची ताकद होती तेवढीच. हायड्रोटेस्टमध्ये प्रेशर व्हेसलच्या वेल्डचा स्ट्रेस थोडा उतरतो तो याच कारणाने. स्टील ठिसूळ असेल, थंडीत असेल आणि वेल्डमध्ये आधीच क्रॅक असेल, तर वेल्डला लांबण्याची ही सवड मिळत नाही आणि आतली ओढ बाहेरच्या लोडला जाऊन मिळते.

खरंच उतरवायचा तर भट्टीत 600 अंशांच्या आसपास, जाडीच्या दर 25 मिलिमीटरला साधारण तासभर. त्या तापमानाला यील्ड खाली आलेली असते आणि लोखंड हळूहळू सैल पडतं, त्यामुळे स्ट्रेस बराच उतरतो. अगदी शून्य होत नाही. थंड करतानाही सगळा जॉब सारख्या गतीने उतरला पाहिजे. वेल्डवरून टॉर्च फिरवून "स्ट्रेस रिलीव्ह केला" असं सांगतात तेव्हा अरुंद पट्टा तापवलेला असतो, बाजूची प्लेट गारच असते. पुन्हा तेच: तापलेलं अडवलं जातं, दबतं, थंड होताना ताणलं जातं. साइटवर लोकल हीटिंगच करायचं असेल तर हीटिंग पॅड वेल्डच्या दोन्ही बाजूंना बरेच बाहेरपर्यंत लावा, त्याच्याही पलीकडे इन्सुलेशन गुंडाळा, आणि बाहेर जाताना तापमान कसं उतरतंय ते थर्मोकपल लावून बघा.