तुम्ही विचारलंत म्हणून: भावजींची वाफ

"डॉक्टर, आमचे भावजी पुण्याहून आले की हॉलमध्येच व्हेप ओढत बसतात. 'धूर नाही वहिनी, नुसती वाफ आहे' म्हणतात. माझ्या सहा वर्षांच्या पोराच्या अंगात यातलं काय जातं? सिगारेटीपेक्षा कमी, की तेवढंच?"

कमी जातं. पण ही वाफ इडलीच्या भांड्यातली नव्हे. आपली सांगली नाट्यपंढरी, तर रंगमंचावरचंच उदाहरण घ्या. स्वप्नाचा प्रवेश आला की विंगेतून पांढरे ढग सोडतात. त्या यंत्रात बहुतेक वेळा ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन आणि पाणी असतं. व्हेपमधला द्रवही त्याच जातकुळीतला, फक्त त्यात निकोटीन आणि वासाची रसायनं मिसळलेली असतात. तापलेल्या तारेवर द्रव उडतो, थंड होताच त्याचे बारीक थेंब होतात, आणि ढग दिसतो तो या थेंबांचा.

आता फरक कुठे पडतो ते बघा. सिगारेट पेटली की ओढणारा मधूनमधून दोन-दोन सेकंदांचे झुरके घेतो. उरलेला सगळा वेळ ती बोटांत नाहीतर राखदाणीत आपली आपण जळत असते, आणि शेजारच्या माणसाच्या वाट्याला येणारा बराचसा धूर हाच असतो. तो कुणाच्या छातीतून गाळून आलेला नसतो. व्हेप मात्र झुरक्यापुरताच तापतो. पोरापर्यंत पोहोचतं ते फक्त भावजींनी बाहेर सोडलेलं, आणि छातीत नीट ओढलं असेल तर त्यातलं बहुतेक निकोटीन त्यांच्याच अंगात राहिलेलं असतं. शिवाय तंबाखू जळत नाही, त्यामुळे डांबर आणि जळण्यातून होणारा कार्बन मोनॉक्साइड नाही. (नुसती तोंडात घेऊन मोठमोठे ढग सोडायची हौस असेल, तर बाहेर जास्त पडतं. हे तुम्ही बघूनच ओळखाल.)

पोराच्या अंगात किती गेलं हे रक्तात मोजता येतं. निकोटीनचं शरीरात कोटिनिन होतं आणि ते एक-दोन दिवस टिकतं. अमेरिकेत 2017 ते 2020 या काळात 3 ते 11 वर्षांच्या मुलांचं रक्त तपासलं, त्याचे आकडे 2024 मध्ये छापून आले. ज्यांच्याजवळ बंद जागेत कुणी सिगारेट ओढत होतं, त्या मुलांच्या एक मिलिलिटर रक्तद्रवात सरासरी 0.494 नॅनोग्रॅम कोटिनिन होतं. फक्त व्हेप ओढणारं कुणी असेल तर 0.081. दोन्ही नसेल तर 0.016. म्हणजे व्हेपवाल्या घरातल्या मुलाला सिगारेटवाल्या घरातल्यापेक्षा सुमारे सहापट कमी निकोटीन मिळतं. आणि कुणीच काही न ओढणाऱ्या घरातल्या मुलापेक्षा? सुमारे पाचपट जास्त. भावजी यातलं पहिलं वाक्य सांगतात, दुसरं गिळतात.

हा आकडा निकोटीनपुरताच आहे, एवढं मात्र ध्यानात ठेवा. जळण्यातून येणारी विषं सहापटीपेक्षाही कमी असणार, कारण जळणंच नाही. उलट ग्लायकॉल आणि वासाची रसायनं श्वासनलिकेला चुरचुरवतात, आणि ती कोटिनिनमध्ये दिसत नाहीत. द्रव जास्त तापला तर थोडा फॉर्मल्डिहाइडही होतो. तुमच्या पोराला आधीच बाळदमा आहे, म्हणून मला निकोटीनपेक्षा या चुरचुरीची काळजी जास्त.

ढग विरला म्हणजे संपलं, असंही नाही. माझ्या दवाखान्यात हवेतले बारीक कण मोजायचं छोटं यंत्र आहे. एका पेशंटने हौसेने त्याच्यासमोर फुंकलं तेव्हा आकडा एकदम चढला आणि थोड्याच वेळात उतरला. उदबत्तीचा आकडा मात्र चढला की बराच वेळ हटत नाही. थेंब सुकतात, म्हणून यंत्राला दिसेनासे होतात. त्यांतलं निकोटीन वायू होऊन सोफा, पडदे, उशी यांना चिकटतं. आणि पोरं सोफ्यावर नुसती बसत नाहीत, लोळतात.

आणखी एक. आपल्याकडे 2019 पासून व्हेपच्या विक्रीवर बंदी आहे. मिळतो तो चोरून आणलेला माल, त्यामुळे वेष्टनावर निकोटीनचा आकडा असला तरी तो खरा धरू नका. ते यंत्र नाहीतर द्रवाची बाटली टीपॉयवर पडलेली दिसली तर आधी उचला. त्याला फळांचा वास येतो, पोर तोंडात घालेल. हवेतून जाणारं निकोटीन फार थोडं असतं, पण पोटात गेलेला द्रव सहा वर्षांच्या मुलाला गंभीर विषबाधा करू शकतो. तसं झालं तर उलटी करवत बसू नका, बाटली सोबत घ्या आणि थेट दवाखान्यात या.

भावजींना गच्चीवर पाठवा. खिडकी उघडून हॉलमध्येच बसणं म्हणजे गच्ची नव्हे, वास खोलीत येतोच. ते ऐकत नसतील तर पुढच्या वेळी पोराला तपासायला आणाल तेव्हा त्यांनाही घेऊन या. 0.081 आणि 0.016 हे दोन आकडे मी कागदावर लिहून ठेवले आहेत.