‘पांढरी बाग’ बघायला पैसे मोजू नका: उन्हाळ्यातल्या प्रवाळाचा वृत्तांत

बेटाचं आणि बोटवाल्याचं नाव देत नाही, भांडण वाढवायचं नाहीये. पण जे झालं ते सांगणं भाग आहे, कारण अजून कोणीतरी तिथे जाऊन आमच्यासारखंच खूश होणार. हो, आम्ही खूश झालो होतो, आणि तेच जास्त लागलंय.

तुम्हाला पोहता येतं, मास्कमध्ये पाणी शिरलं तर घाबरत नाही आणि फिन्स स्वतःचे आहेत, एवढं धरून लिहितोय.

पहिल्याच दिवशी उथळ पठारावर उतरलो. वारा पडलेला, पाणी आरशासारखं आणि कोमट. बोटवाला म्हणाला, “सीझन एकदम बरोबर पकडलात.” खाली पाहिलं तर प्रवाळ गुलाबी, निळे, जांभळे, अक्षरशः नियॉनच्या पाटीसारखे. दोनशे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी म्हणाला, पलीकडे ‘पांढरी बाग’ आहे, दुर्मिळ जात आहे, त्याचे वेगळे पैसे. दिले. ती जात वगैरे काही नव्हती. पहिल्या दिवशीचे प्रवाळ आजारी पडत होते आणि दुसऱ्या दिवशीचे पुरते आजारी होते, एवढाच फरक.

प्रवाळाचा नेहमीचा तपकिरी-हिरवट रंग त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा असतो. हे शैवाल उन्हात साखर तयार करतं आणि प्रवाळाच्या गरजेतला बहुतेक वाटा त्यातूनच भागतो. पाणी फार तापलं की शैवालाची प्रकाश पचवायची यंत्रणा बिघडते. ऊन तर पडतच असतं, मग त्या उर्जेतून ऑक्सिजनची घातक रूपं तयार होऊन पेशी पोळायला लागतात आणि प्रवाळ आपल्या अन्नदात्यालाच बाहेर काढतो. मागे राहतं ते काचेसारखं पारदर्शक मांस आणि त्यातून दिसणारा चुन्याचा पांढरा सांगाडा. यालाच ब्लीचिंग म्हणतात. काही प्रवाळ मधल्या काळात स्वतःची चमकदार रंगद्रव्यं वाढवतात, जणू छत्री उघडतात. आमचा नियॉन तो हाच.

उष्णतेला उन्हाची साथ कशी असते, हे त्या ‘बागेत’च दिसलं. ताटासारखा एक प्रवाळ वरून दुधासारखा पांढरा होता. श्वास रोखून खाली गेलो आणि काठाखाली डोकावलो, तर सावलीतला भाग अजून तपकिरी! पाणी तेच, तापमान तेच, फक्त ऊन कमी. म्हणून निरभ्र आकाश आणि पडलेला वारा म्हणजे आपला फोटोसीझन आणि प्रवाळाचा कर्दनकाळ. वारा नसला की पाणी ढवळत नाही, आणि आरशासारख्या पृष्ठभागातून ऊन थेट आत उतरतं.

हे सगळं निघण्याआधी घरबसल्या कळलं असतं. Coral Reef Watch या अमेरिकी सरकारी संकेतस्थळावर उपग्रहाने मोजलेलं तापमान रोज येतं. तिथला DHW नावाचा, आठवड्यागणिक साठलेल्या उष्णतेचा आकडा बघा. हिशोब सोपा आहे. समजा, त्या जागी वर्षातल्या सगळ्यात गरम महिन्याची सरासरी 29 अंश आहे. पाणी 30 किंवा त्यावर गेलं तरच मोजणी सुरू होते. तीन आठवडे 30.2 राहिलं तर 1.2 गुणिले तीन, म्हणजे 3.6. पुढे दोन आठवडे 30.5 राहिलं तर आणखी 3. एकूण 6.6. मधला एखादा आठवडा 29.8 चा असेल तर तो शून्य धरायचा. मागच्या बारा आठवड्यांची बेरीज 4 ला पोचली की ठळक ब्लीचिंगची शक्यता आणि 8 पुढे मोठ्या मरतुकीची. माझा निकाल: 4 च्या वर असेल तर तारीख बदला. एकच सावधगिरी, हे पृष्ठभागाचं तापमान आहे, त्यामुळे खोल उतारावर किंवा खाडीच्या तोंडाशी प्रवाह असेल तिथे चित्र बरं असू शकतं. आम्हालाही तसंच दिसलं. ते दोन दिवस छान गेले, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे, हेही तिथेच शिकलो. हातभर अंतरावरून बघा, हात लावू नका. पांढऱ्यावर ओलसर तकाकी असेल आणि बारीक शुंडके हलताना दिसले तर तो जिवंत आहे, उपाशी आहे. सांगाड्यावर तपकिरी-हिरवी लव धरली असेल तर तो भाग गेला. आणि प्रवाळावर एका कडेने स्वच्छ पांढरा पट्टा, बाकी रंग शाबूत, असं असेल तर ते काटेरी तारामाशाचं खाणं असू शकतं, त्याचा उन्हाळ्याशी संबंध नाही.

आणखी एक लूट: “प्रवाळाचं रोप लावा.” तापलेल्या पाण्यात, त्याच पठारावर, त्याच फांद्यांच्या जातीचं! 2023 च्या उन्हाळ्यात फ्लोरिडात रोपवाटिकांतले प्रवाळ उचलून जमिनीवरच्या टाक्यांत हलवावे लागले होते. इथे आमच्याकडून उलटं करून घेत होते. पैसे देऊ नका.

तेरा महिन्यांनी मी एकटाच परत गेलो. मेंदूच्या आकाराचे गोल, जाड प्रवाळ बरेचसे पुन्हा तपकिरी झाले होते. पाणी वेळेत निवलं तर शैवाल काही आठवड्यांत-महिन्यांत परत वाढतं. ताटं आणि फांद्या मात्र बहुतेक मेल्या होत्या. तिथे बरं होणं म्हणजे नवीन पिल्लं येऊन बसणं, आणि त्याला वर्षं लागतात.

किती वर्षं, याचं चांगलं उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडचं स्कॉट रीफ. 1998 च्या तापात तिथले बहुतेक प्रवाळ गेले. जवळपास दुसरं रीफ नाही, त्यामुळे बाहेरून प्रवाळाच्या अळ्या येण्याची आशा नव्हती आणि सुरुवातीची काही वर्षं पिल्लं नगण्यच होती. पण जे वाचले ते वाढले, वयात आले, त्यांनीच अळ्या सोडल्या, आणि सुमारे बारा वर्षांत आच्छादन जवळजवळ पहिल्यासारखं झालं. दूर असण्याचा फायदा झाला: जमिनीवरून गाळ-सांडपाणी नाही, आणि शैवाल चरणारे मासे भरपूर. 2016 मध्ये ते पुन्हा तापलं. दोन तापांमधली फुरसत दहा-बारा वर्षांपेक्षा कमी झाली तर हे गणितच बसत नाही.

चरणाऱ्या माशांचं महत्त्व कुठे बघायचं ते सांगतो. धक्क्याजवळ, जिथे सांडपाण्याचा नाला येतो, तिथे मेलेल्या ताटांवर बोटभर शैवाल आणि त्यात अडकलेला गाळ. अळीला टेकायला जागा नाही. पठाराच्या बाहेरच्या कडेला पोपटमासे आणि सर्जनमासे झुंडीने खडक खरवडत होते, आवाज पाण्यात ऐकू येतो. तिथला खडक गुलाबीसर होता, चुनखडी शैवालाच्या पातळ थराचा. त्यावर अळ्या बसतात. जाताना टॉर्च न्या आणि मेलेल्या ताटाच्या खालच्या बाजूला, कोनाकोपऱ्यांत प्रकाश पाडा. मला एका ताटाखाली नाण्याएवढी सात पिल्लं मोजता आली. धक्क्याजवळ तेवढाच वेळ घालवला, एकही नाही. भरतीच्या सुरुवातीला जा, ओहोटीत त्या कडेवर लाट आपटते आणि गुडघे सोलून निघतात. माझे निघाले.