०.७८ कुठून येत होतं ते सापडलं

तीन आठवडे काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखा एकच आकडा होता, घसरत सुटलेला बोलिंगचा बॉल नीट घरंगळायला लागेपर्यंत सुरुवातीच्या वेगाचा किती भाग राखतो त्याचा, आणि तो चुकीचा होता. काल रात्री साडेदहाला गोदामात तो सुटला, म्हणून आज सविस्तर नोंद.

आधीचं थोडक्यात. सांगलीत मोकळं पडलेलं हळदीचं गोदाम आपल्याला मिळालंय, त्यात प्लायवर लॅमिनेट चिकटवलेल्या पाच शीट जोडून ४० फुटी लेन तयार आहे. बॉल १० पौंडी, जुना, प्लॅस्टिकचा; त्रिज्या १०.८ सेंटिमीटर. उतारावरून सोडून त्याचा k मागेच मोजला होता. k म्हणजे जडत्व आघूर्ण भागिले mR². तो ०.४० आला, म्हणजे हा बॉल भरीव, एकसारख्या गोळ्यासारखाच वागतो. महागड्या बॉलमध्ये आतला गाभा मुद्दाम वेगळ्या आकाराचा घालतात, तेव्हा k बदलतो. आपल्याला ती कटकट नाही.

मग हिशोब सरळ आहे. बॉल न फिरता, नुसता घसरत लेनवर आला, की खालचं घर्षण एकाच वेळी दोन कामं करतं: पुढचा वेग कमी करतं आणि बॉलला फिरवायला लागतं. वेग v उतरत येतो, Rω, म्हणजे त्रिज्या गुणिले फिरण्याचा वेग, चढत जातं, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथून प्युअर रोलिंग, म्हणजे न घसरता नुसतं घरंगळणं.

```
v  = v0 - μgt
Rω = (5/2)μgt
t  = 2·v0/(7μg)
v  = (5/7)·v0 = 0.714·v0
```

शेवटच्या ओळीत μ, म्हणजे घर्षणांक, नाही, आणि या सगळ्या उद्योगात मला सर्वात जास्त आवडणारी गोष्ट हीच आहे. लेन गुळगुळीत असो की खरखरीत, शेवटचा वेग तोच. घर्षण फक्त भेट कधी आणि कुठे होणार एवढंच ठरवतं. लेनवरचा कुठलाही बिंदू धरून कोनीय संवेग मोजा, घर्षणाची रेषा त्या बिंदूतूनच जाते, त्यामुळे तिचं आघूर्ण शून्य. म्हणून संवेग बदलत नाही, आणि ५/७ तिथूनच पडतो.

आणि माझं v/v0 हे गुणोत्तर येत होतं ०.७८. दर वेळी.

पहिल्या आठवड्यात मी लेनलाच दोष देत बसलो. शीट पुसल्या, मेण लावलं, मेण काढलं. एका दुकानातून आणलेलं लॅमिनेट काठाला उचललेलं निघालं, ते बदलून घेताना दोन फेऱ्या वाया गेल्या. (शीट घेताना दुकानातच जमिनीवर पालथी ठेवून चारही कोपरे दाबून बघा. उजेडात धरून काही कळत नाही.) मेण लावल्यावर घसरण लांबली, काढल्यावर आखडली, पण गुणोत्तर हललं नाही. तिथेच मला समजायला हवं होतं. μ बदलून आकडा हलत नाही, म्हणजे चूक लेनवर नाही, लेनच्या आधी आहे.

आधी काय होतं? व्ही आकाराची लाकडी पन्हळ आणि रबरी ट्यूबचा ताण. पन्हळीला भरपूर मेण होतं, त्यामुळे बॉल तीतून घसरतच येतो असं मी धरून चाललो होतो. शेवटी बॉलवरच्या पांढऱ्या टेपचा कोन फ्रेमगणिक मोजला. फोन सेकंदाला २४० फ्रेम घेतो, पुढचं काम ट्रॅकर या व्हिडिओवरून हालचाल मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. (ट्रॅकर फुकट आहे आणि या कामासाठी त्याच्याइतकं नेमकं दुसरं काही मी वापरलेलं नाही. v आणि Rω एकाच आलेखावर काढता येतात, तेवढ्यासाठी तरी शिकून घ्या.) सुरुवातीचा वेग ३.१ मीटर प्रतिसेकंद. बॉल फिरत नसता, तर लेनवरच्या पहिल्या २४ फ्रेममध्ये टेप जेमतेम ८ अंश वळायला हवी होती. ती ४५ अंश वळलेली. बॉल पन्हळीतच फिरायला लागला होता.

सुरुवातीची फिरकी धरली की सूत्र असं होतं:

```
v = (5·v0 + 2·R·ω0)/7
```

०.७८ येण्यासाठी Rω0 हे v0 च्या ०.२३ पट हवं, आणि टेपच्या कोनातूनही जवळपास तेवढंच निघालं. पन्हळ त्याच दिवशी बाजूला ठेवली.

पुढचा जुगाड लोलकाचा. गोदामाच्या तुळईवरून जाड पट्ट्याची झोळी सोडली, टांगणीपासून बॉलच्या मध्यापर्यंत २.४ मीटर, आणि तळाला आल्यावर दोरीने झोळीचं तोंड उघडायचं. बॉल अलगद लेनवर. वीस फेकी केल्या. सगळ्या ०.६९५ ते ०.७०५ च्या मध्ये.

आता आकडा खाली आला होता, आणि याने मला पन्हळीपेक्षा जास्त छळलं. ०.७० आणि ०.७१४ मधला फरक इतका थोडा, की मोजमापातली चूक म्हणून सोडून देता आला असता. पण वीसच्या वीस फेकी एकाच बाजूला कशा पडतील? चार दिवस फोनची उंची, टेपपट्टीचं अंतर, सगळं पुन्हा तपासलं. एक खरी चूक त्यातच सापडली. शेवटचा वेग मी लेनच्या टोकाशी वाचत होतो. प्युअर रोलिंग लागल्यावरही बॉल हळूहळू मंदावतो, आणि शीटच्या प्रत्येक सांध्यावर आलेखात बारीक पायरी पडते. सांधा म्हणजे छोटी टक्कर, तिथे वरचा संवेगाचा युक्तिवाद लागू पडत नाही. त्यामुळे वेग वाचायचा तो दोन रेषा भेटल्यावर लगेच, २.४४ मीटरवरच्या पहिल्या सांध्याच्या आत. वीसही फेकी तशा वाचून काढल्या, तरी ०.७० च.

उत्तर क्लिपच्या त्या भागात होतं जो मी रोज कापून टाकत होतो. झोका सुरू होतो तिथपासून बघितलं तर टेपही झोळीबरोबर वळते: वर असताना ३७ अंश तिरकी, तळाला सरळ. म्हणजे लोलकाला बांधलेला बॉल लोलकाबरोबर फिरतोच, आणि घरंगळण्याच्या उलट दिशेने. ω0 = v0/L धरलं तर Rω0 हे v0 च्या साडेचार टक्के, उलट चिन्हाने. सूत्रात घाला, ०.७०१ येतं. लेनवर ही उलटी फिरकी पाच शतांश सेकंदात मरते, म्हणून लेनच्या फ्रेममध्ये ती मला कधी दिसलीच नाही.

हाताने टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. हात म्हणजे आणखी आखूड लोलक. मनगट ताठ ठेवून टाकलात तर उलटी फिरकी मिळते, बोटांनी उचललंत तर वेगळीच. हाताने टाकून ५/७ तपासायला जाऊ नका.

मग न वळणारा झोका आणायचा कुठून? आई घरी झोपाळ्यावर शेंगा सोलत बसली होती, पुतण्याने झोपाळा लांबीच्या दिशेने ढकलला. "अरे, सूप पडेल!" एवढंच ती म्हणाली आणि मी फळीकडे बघत राहिलो. नेहमीसारखा पुढे-मागे झोका घेतला की आमची फळी तिरकी होते, कारण एका टोकाच्या दोन्ही कड्या वर एकाच हुकात अडकवल्यात. लांबीच्या दिशेने मात्र दोन टोकांच्या कड्या एकमेकींना समांतर राहतात, आणि फळी फरशीच्या रेषेला समांतरच सरकते. ती पुढे जाते, वर-खाली होते, पण वळत नाही.

मिरजेच्या आमच्या सुतारमामांनी दुसऱ्याच दिवशी फळी करून दिली, चारही दोऱ्या एकाच मापाच्या. फळीच्या पुढच्या कडेला फेल्टच्या दोन पट्ट्या, त्यावर बॉल, मागे घडी घातलेली सतरंजी टेकायला. तळाशी फळी अडवायला दोन जुने टायर, फळीचा पृष्ठभाग लेनपेक्षा किंचित वर. फळी थांबते, बॉल निघून जातो. फेल्टवर तो चार-पाच सेंटिमीटर घासतो, पण त्यातून मिळणारी फिरकी अगदी थोडी राहते.

काल रात्री बारा फेकी. सरासरी ०.७१३.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. गोदामाच्या कोपऱ्यात हळदीची पूड होती. ती पाण्यात कालवून बॉलच्या अगदी तळाला, दोन फेल्टच्या मधल्या फटीत, बोटाने एक टिकला लावला. हळदीने घर्षण बदलेल अशी भीती वाटायचं कारण नाही, गुणोत्तराला μ शी देणंघेणं नाही. बॉल गेला आणि लेनवर नोंद उमटली. सुरुवातीला लांबट, फिसकटलेला पिवळा ओरखडा. मग बराच वेळ काही नाही. १ मीटर ८१ सेंटिमीटरवर दुसरी खूण, थोडी ओढलेली. तिच्यापुढे ६९, मग ६८, ६८, आणि या खुणा स्वच्छ, गोल, बोटाच्या ठशासारख्या. बॉलचा घेर ६८ सेंटिमीटर आहे. μ ०.१२ धरून माझ्या हिशोबात दुसरी खूण १.८४ वर होती. दोन मीटर घसरताना बॉल सव्वा फेरीच फिरतो, हे सूत्रातून किती वेळा काढलं होतं, पण गुडघ्यावर बसून टेपपट्टीने त्या खुणा मोजताना ते पहिल्यांदा खरं वाटलं.

आणि आवाज! घसरताना सुरीला धार लावल्यासारखा, आणि भेट झाली की एकदम भरीव गडगड. आता डोळे मिटूनही प्युअर रोलिंगची जागा सांगता येते.

पुढे k बदलायचा असं ठरवलं होतं, पण हे लिहिता लिहिता बेत बदलतोय. खरी लेन फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट, आणि तेल फक्त अलीकडच्या भागात. समजा तेल ४० फुटांपर्यंत आहे, तिथे μ ०.०४, पुढे कोरड्यात ०.२, आणि फिरकी न देता ८ मीटर प्रतिसेकंदाने टाकलेला बॉल. तेल संपेपर्यंत वेग ७.३८ वर येतो, Rω जेमतेम १.५६. बॉल अजून घसरतोच आहे. मग कोरड्यात साडेपाच मीटरमध्ये दोन्ही भेटतात, पिनांच्या जरासं अलीकडे, ५.७१ वर. ८ चे ५/७ तेवढेच. दोन वेगळी घर्षणं, तरी आकडा तोच.

हे आपल्या लेनवर करता येईल. पहिल्या दीड मीटरला तेलाचा पातळ हात, पुढे कोरडं. तेलाचा μ ०.०४ निघाला, तर भेटीची जागा दोन मीटरवरून तीनवर सरकेल आणि वेग २.२१ च राहील. पण मग ती जागा पहिल्या सांध्याच्या पलीकडे जाते. म्हणजे आधी शीट मागे-पुढे करून सांधा हलवावा लागेल, किंवा झोका कमी उंचीवरून सोडावा लागेल. झोका कमी करणं सोपं. v0 २.५ ठेवला तर तेल एक मीटरपुरतं लावून भेट दोन मीटरच्या आसपास येते.

रविवारी सकाळी गोदाम उघडं आहे. ज्यांना यायचंय त्यांनी टेपपट्टी आणा, माझी हळदीने पिवळी होऊन पहिले वीस सेंटिमीटर वाचता येत नाहीत.