‘मंजूर करा’ची रांग लागली तेव्हा

रात्री उशिरा फोनवर सूचना आली: ‘तुम्ही साइन-इन करत आहात का?’ खाली दोनच बटणं, ‘मंजूर करा’ आणि ‘नाकारा’. मी कुठेच लॉगिन करत नव्हते. नाकारलं, तर लगेच दुसरी आली, मग तिसरी, आणि पुढे थांबेचनात. एकदा ‘मंजूर’ दाबलं की हा त्रास संपेल, असं त्या वेळी कुणालाही वाटेल, आणि समोरचा नेमका त्याच क्षणाची वाट बघत असतो.

आमच्या ऑफिसच्या खात्यात ही सूचना पासवर्ड बरोबर टाकल्यावरच येते. म्हणजे माझा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागला होता आणि आत शिरायला त्याला फक्त माझं बोट हवं होतं. मंजुरी दिली की सूचना थांबतात खऱ्या, पण त्या थांबतात तो आत पोचल्यामुळे. आत गेल्यावर तो स्वतःचा फोन त्या खात्याला जोडून घेऊ शकतो. मग पुढची मंजुरी त्याची तोच देणार, मला विचारणारही नाही.

थोड्या वेळाने मेसेज आला: ‘आयटी विभागातून बोलतोय. सिस्टीममध्ये बिघाड आहे, एकदा मंजूर करा, सूचना बंद होतील.’ सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीत घुसखोरी झाली ती अशाच सूचनांच्या माऱ्यातून, आणि तिथेही हल्लेखोराने आयटीचा माणूस असल्याची बतावणी केली होती. मी त्या मेसेजला उत्तर दिलं नाही. आयटीतल्या सहकाऱ्याचा माझ्याकडे असलेला नंबर लावला. तो म्हणाला, “आमच्याकडून कुणीच मेसेज केलेला नाही. आधी पासवर्ड बदला.”

लॅपटॉपवर पत्ता स्वतः टाइप करून खातं उघडलं आणि पासवर्ड बदलला. जुना पासवर्ड आणखी एका साइटवर होता, तिथलाही बदलला. मग सगळ्या डिव्हाइसवरून साइन-आउट केलं. कुणी आत शिरलेलं असेल, तर नुसत्या पासवर्ड बदलण्याने त्याचं चालू सत्र दर वेळी तुटतंच असं नाही. जोडलेल्या डिव्हाइसची यादी आणि मेल परस्पर दुसरीकडे पाठवणारे नियमही पाहिले. अनोळखी काही नव्हतं.

लॉगिनच्या नोंदींत फरक स्पष्ट दिसला. आधीच्या ओळींत पासवर्ड बरोबर, पण दुसरी पायरी नाकारलेली. बदलानंतरच्या ओळींत पासवर्डच चुकीचा. सूचना तिथेच थांबल्या.

दुसऱ्या दिवशी आयटीने नंबर जुळवण्याची सोय सुरू केली. आता लॉगिनच्या स्क्रीनवरचा आकडा फोनमध्ये टाकावा लागतो, त्यामुळे वैतागून किंवा झोपेत मंजुरी जात नाही. पण तो आकडा हल्लेखोराच्या स्क्रीनवरही दिसतो आणि तो फोन करून ‘हा टाका’ म्हणू शकतो. त्यामुळे कुणी फोनवर आकडा सांगायला लागलं, तर मी तिथेच फोन ठेवते.