पंढरपूर ते कोपरगाव, दोनदा गाडी बदलून: वेळापत्रकाच्या फोटोवरून केलेला हिशेब

आत्याला पंढरपूरहून कोपरगावला जायचं होतं. तिला सोयीच्या दिवशी थेट गाडी नव्हती आणि एसटी तिला सोसत नाही. मग मार्ग उरला तो पंढरपूर ते कुर्डुवाडी, तिथून दौंड आणि दौंडहून मनमाडच्या लाइनवर कोपरगाव. म्हणजे तीन गाड्या आणि दोन ठिकाणी थांबणं. मोबाइलवर दोन स्टेशनांमधल्या गाड्या लगेच दिसतात, पण असा तीन तुकड्यांचा प्रवास जोडून मिळणं कठीण. कुर्डुवाडीच्या एका नातेवाइकाने छापील वेळापत्रकाच्या पानांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले आणि ते काम माझ्याकडे आलं. आत्याचा प्रश्न सरळ होता, "गाड्यांची नावं नकोत मला. ताटकळत किती बसायचं आणि पोचायचं कधी, तेवढं सांग."

मीही इथे गाड्यांची नावं देत नाही. वेळा त्या फोटोतल्या आहेत. त्यांच्या भरवशावर कुणी निघू नये, हिशेब कसा केला तेवढा घ्यावा.

पहिली अडचण वाचण्याची. फोटो तिरका काढलेला होता आणि पानाला मध्ये घडी पडली होती, त्यामुळे पंढरपूरची ओळ उजवीकडे जाता जाता खालच्या स्टेशनाच्या ओळीत शिरल्यासारखी दिसत होती. फोटो मोठा करून पाहिला की आकडा स्पष्ट दिसतो, पण तो कोणत्या स्टेशनाचा हे कळेनासं होतं. म्हणून मी आधी फोटो फिरवून ओळी आडव्या केल्या आणि मगच एकेक गाडीचा रकाना कागदावर उतरवला. स्टेशन, आगमन, प्रस्थान, एवढंच. फोटोवरूनच तोंडी वजाबाकी करायला गेलं की डोळा हमखास शेजारच्या रकान्यात घसरतो.

पहिली गाडी पंढरपूरहून १६.२५ ला सुटते. कुर्डुवाडीला पोचण्याची वेळ १७.१० की १७.४०, ते घडीमुळे कळत नव्हतं. अशा वेळी अंदाज करण्यापेक्षा आजूबाजूचे आकडे पाहावेत. वाटेतल्या मोडनिंबला त्याच रकान्यात १७.०४ स्वच्छ दिसत होतं. मोडनिंबहून कुर्डुवाडी सहा मिनिटांत येणं शक्यच नाही. शिवाय पंढरपूर ते कुर्डुवाडी अंतर सुमारे ५२ किलोमीटर. १७.१० धरलं तर ते पाऊण तासात कापलं, म्हणजे ताशी सत्तरच्या आसपास. स्टेशन-स्टेशनवर थांबणाऱ्या गाडीला तो वेग जमत नाही. १७.४० धरलं तर सव्वा तास, ताशी चाळीस-बेचाळीस. हे पटतं. पुसट आकडा मी नेहमी असाच तपासतो. रकान्यातल्या वेळा पुढे पुढेच सरकायला हव्यात आणि अंतराला वेळ शोभायला हवी.

दुसरी गाडी सोलापूरकडून पुण्याकडे जाणारी, म्हणजे मुंबईच्या दिशेची, अर्थात 'अप'. त्या पानावर स्टेशनांची यादी एकच होती. डाऊन गाड्या वरून खाली वाचायच्या आणि अप गाड्या खालून वर. रकान्याच्या टोकाला छोटा बाण असतो, पण तो फोटोत कापला गेला होता. बाण नसला तरी ओळखता येतं. वेळा वरून खाली कमी होत जात असतील, तर रकाना खालून वाचायचा आहे. मग आगमन आणि प्रस्थानही उलटी येतात. कुर्डुवाडीच्या चौकटीत वर २०.१५ आणि खाली २०.१३ होतं, म्हणजे गाडी २०.१३ ला येते आणि २०.१५ ला सुटते. दौंडला ती २२.०५ ला पोचते.

आता कुर्डुवाडीला थांबायचा वेळ. पहिली गाडी पोचली १७.४० ला, दुसरी सुटणार २०.१५ ला. थांबण्याचा वेळ आपण उतरल्यापासून पुढची गाडी सुटेपर्यंत धरायचा. पुढची गाडी फलाटावर येईपर्यंतच मोजला, तर तिचा तिथला थांबा ना प्रतीक्षेत येतो ना धावण्यात, आणि शेवटी बेरीज जुळत नाही. इथे दोनच मिनिटांचा फरक आहे, पण जंक्शनला गाडी पंधरा-वीस मिनिटं उभी असली की चांगलाच पडतो.

भाचा शेजारी बसला होता. त्याने कॅल्क्युलेटरवर २०.१५ मधून १७.४० वजा केले आणि म्हणाला, "मामा, दोन पॉइंट पंच्याहत्तर. म्हणजे पावणेतीन तास." उत्तर इतकं बरोबर वाटतं की कुणाला शंकाही येणार नाही. पण वेळापत्रकातला टिंब दशांशचिन्ह नाही. त्याच्या उजवीकडे मिनिटं आहेत, आणि हातचा घेताना शंभर नव्हे, साठ घ्यायचे असतात. कॅल्क्युलेटरने शंभर घेतले, म्हणजे चाळीस जास्त. २.७५ मधून ०.४० काढले की २.३५ उरतात, म्हणजे दोन तास पस्तीस मिनिटं. मी स्वतः वजाबाकी करतच नाही, पुढे मोजत जातो. १७.४० पासून १८.०० पर्यंत वीस मिनिटं, तिथून २०.०० पर्यंत दोन तास, मग पंधरा मिनिटं. झाले दोन तास पस्तीस. दुकानदार सुटे पैसे परत देताना मोजतो तसंच हे.

दौंडला खरी गंमत होती. मनमाड लाइनच्या पानावर एक गाडी २२.३५ ला दिसत होती. आत्या २२.०५ ला उतरणार, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाची प्रतीक्षा आणि मध्यरात्रीनंतर कोपरगाव. घरात सगळे खूश. पण फोटो मोठा केला तर ती वेळ 'दौंड कॉर्ड लाइन' या ओळीतली निघाली. दौंड जंक्शनच्या ओळीत त्या गाडीपुढे नुसती रेघ होती, म्हणजे ती तिथे जातच नाही. मनमाडची लाइन दौंडला पुण्याच्या बाजूने फुटते, त्यामुळे पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला पूर्वी दौंडला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागे. तो वेळ वाचवण्यासाठी कॉर्ड लाइन, म्हणजे जंक्शन टाळून जाणारा जोडमार्ग, झाली आणि तिच्यावर वेगळं स्टेशन आलं. तिकिटावर आणि मोबाइलवर जंक्शनचा कोड `DD` आणि कॉर्ड लाइनचा `DDCC` असा दिसतो. नावात दौंड आहे म्हणून ती एकाच ठिकाणची बदली धरायची नाही. रात्री दहानंतर सामान घेऊन एका स्टेशनावरून दुसऱ्यावर रिक्षाने जायचं आणि हाताशी अर्धा तास, हे आत्याला मी सांगणार नव्हतो.

जंक्शनवरून मिळणारी पुढची गाडी ०१.२० ची, कोपरगावला ०५.०५ ला पोचणारी. ही सोलापूरकडूनच येते, कुर्डुवाडीवरूनच जाते, पण तिथे थांबत नाही. म्हणून तिच्यासाठी आधी दौंड गाठायचं. २२.०५ नंतर ०१.२० आली म्हणजे मध्यरात्र ओलांडली. अशा वेळी चोवीस मिळवायचे. ०१.२० चे २५.२० झाले, त्यातून २२.०५ गेले की तीन तास पंधरा मिनिटं.

पण वेळेपेक्षा वाराने जास्त छळलं. ही गाडी रोज नाही. तळटीपेत 'गुरुवार' होता. दौंडहून ती ०१.२० ला सुटते, म्हणून गुरुवारी पहाटे असेल असं धरलं तर आत्याला बुधवारी दुपारी निघावं लागलं असतं आणि ती रात्रभर दौंडला बसून राहिली असती. वेळापत्रकात बहुधा गाडी तिच्या मूळ स्टेशनवरून ज्या वारी सुटते तो वार देतात. ही दक्षिणेकडून सकाळी ८.४० ला निघते. त्या रकान्यात वेळा वाढत जातात आणि दौंडच्या आधी एकदा २३ वरून ०० वर उतरतात. असा प्रत्येक उतार म्हणजे एक दिवस पुढे. एकच उतार आहे, तेव्हा गुरुवारी निघालेली गाडी दौंडहून शुक्रवारी ०१.२० ला सुटते. म्हणून आत्याने गुरुवारी १६.२५ ला पंढरपूर सोडायचं, आणि दौंड ते कोपरगावच्या तिकिटावर तारीख शुक्रवारची हवी. आरक्षण करताना आपण जिथे चढतो तिथली तारीख टाकायची असते. फोटोत रकान्याचा वरचा भाग कापला गेला असता, तर हे त्या फोटोवरून कळलंच नसतं. तसं झालं तर पान पुन्हा मागवायचं किंवा रेल्वे चौकशीच्या १३९ ला विचारायचं.

एकूण वेळ काढायला मधल्या कशाचीही गरज नाही. पहिलं प्रस्थान गुरुवारी १६.२५, शेवटचं आगमन शुक्रवारी ०५.०५ म्हणजे २९.०५. फरक बारा तास चाळीस मिनिटं. मग दुसऱ्या बाजूने पडताळा घेतला. धावण्याचा वेळ सव्वा तास, एक तास पन्नास आणि तीन तास पंचेचाळीस, मिळून सहा तास पन्नास. थांबण्याचा वेळ दोन तास पस्तीस आणि तीन तास पंधरा, मिळून पाच तास पन्नास. बेरीज बारा चाळीस. दोन्ही वाटांनी तेच उत्तर आलं, म्हणजे वजाबाकी चुकलेली नाही. मात्र फोटोतला आकडाच चुकीचा वाचला असेल, तर तोही दोन्हीकडे तसाच शिरतो आणि बेरीज निमूट जुळते. तो पकडायला मोडनिंबसारखीच तपासणी लागते.

आत्याला जवळजवळ निम्मा वेळ फलाटावर जाणार हे आवडलं नाही. मला मात्र ती प्रतीक्षा रास्त वाटते. तिन्ही तिकिटं वेगळी, पुढची गाडी आपल्यासाठी थांबत नाही, आणि शेवटची चुकली तर ती रोजची नाही. दुसरी गाडी दोन तास उशिरा आली तरी दौंडला सव्वा तास हातात राहतो.

शेवटी फोटोच्या तळाशी पाहिलं, तर वेळापत्रक कधीपासून लागू ते लिहिलेलं होतं, आणि ते मागच्या वर्षीचं निघालं. म्हणून रेल्वेच्या `NTES` या चौकशी सेवेवर तिन्ही गाड्या ताडून घेतल्या. पहिल्या दोन होत्या तशाच. तिसरी आता दौंडहून ०१.३५ ला सुटते आणि कोपरगावला ०५.१५ ला पोचते. पूर्ण हिशेब पुन्हा करावा लागला नाही. दौंडची प्रतीक्षा पंधरा मिनिटांनी वाढून साडेतीन तास झाली, त्या गाडीचं धावणं पाच मिनिटांनी कमी होऊन तीन तास चाळीस झालं, आणि एकूण प्रवास दहा मिनिटांनी वाढून बारा तास पन्नास मिनिटं. आत्याला पाठवलेल्या कागदावर कुर्डुवाडी २ तास ३५, दौंड साडेतीन तास, कोपरगाव शुक्रवारी पहाटे सव्वापाच एवढंच होतं, आणि दौंडच्या पुढे कंसात लाल शाईने 'जंक्शन'.