दीडशे प्रश्नांची 'गेस' यादी

"सरांच्या यादीतलंच ८० पैकी ६२ मार्कांचं आलं!" खानापूरच्या एका पालकाचं हे वाक्य डोक्यातून जात नाही. क्लासच्या सरांनी अंदाजाने काढलेली दहावीच्या एसएसएलसी गणिताची यादी, प्रश्न दीडशे. एवढ्या मोठ्या जाळ्यातून काय सुटणार?

तपासायचं तर गेल्या वर्षी परीक्षेआधी वाटलेली यादीच मागा. त्याआधीच्या पेपरांतून तेवढ्याच प्रश्नांची यादी स्वतः करा. दोन्ही गेल्या वर्षीच्या पेपराला लावून पाहा. नुसता धडा जुळला तर मार्क धरू नका. बाह्यबिंदूतून काढलेले स्पर्शिकाखंड समान असतात, हे प्रमेय तर कुणीही यादीत घालतं.

समजा सरांचे ६२ आणि आपले ५८ निघाले, तर फी चार मार्कांचीच.

यंदाची यादी मात्र जुन्या पेपरांवर तपासू नका. ती त्यांतूनच बनलेली असते, जुळणारच की!